बैठका शंभर नकोत, सोळा पुरेत

*ताई, नमस्कार. वय 37, वजन 91 किलो, उंची पाच फूट सात इंच. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात आहे, दिवसभर खुर्ची. शाळेत असताना तीन-चार वर्षं तालमीत जायचो, मग जे सुटलं ते सुटलंच. आता पुढच्या सोमवारपासून पेटून उठायचं ठरवलंय. सोमवार ते शनिवार पहाटे पाचला रंकाळ्यावर 5 किलोमीटर पळणं, मग 100 बैठका आणि 30 जोर. रोज 10 बैठका आणि 5 जोर वाढवायचे, म्हणजे महिन्यात तीनशेच्या पुढं जातो. रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढून-उतरून. घाम निघावा म्हणून पळताना प्लास्टिकचं जॅकेट घालणार. रात्री फक्त सूप. 45 दिवसांनी मेव्हण्याचं लग्न आहे, तोवर 15 किलो उतरवायचेत. बीपीची गोळी दोन वर्षं चालू आहे, बाकी काही त्रास नाही. वडिलांना पन्नाशीत अॅटॅक येऊन गेला. प्लॅनमध्ये काही चुकत असेल तर सांगा, फक्त सुट्टी घ्यायला सांगू नका. माझा एक दिवस सुटला की कायमचं सुटतं.*

*– एक वाचक, राजारामपुरी*

नमस्कार. तुमचा कागद हातात आल्यावर मी आधी बेरीज केली. पहिल्या सहा दिवसांत बैठकांचा आकडा 750 होतो. जॅकेट, सूप, पंधरा किलो, सगळ्यांवर बोलायचं आहेच, पण माझी नजर पहिल्यांदा त्या 750 वर अडकली. लोकांना वाटतं, अशा प्लॅनमध्ये धोका पळण्यात असतो. तुमच्या बाबतीत तो बैठकांमध्ये जास्त आहे, आणि बैठक आपल्या इतक्या ओळखीची आहे की तिच्याकडं कुणी संशयानं बघतही नाही.

कोल्हापुरात बैठकांचे आकडे हवेतच असतात. मोतीबागेचा नाहीतर गंगावेशीचा अमका पैलवान रोज इतक्या शेकड्यांनी मारतो, हे चहाच्या गाड्यावरही ऐकायला मिळतं. ते खोटं नाही. पण तो पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना आखाड्यात उतरलेला असतो. त्याची मेहनत सकाळ-संध्याकाळ विभागलेली असते, मधे खुराक, मालिश आणि दुपारची झोप असते, आणि आज किती करायच्या हे तो नाही, वस्ताद ठरवतो. पोराचा चेहरा बघून ‘बस कर’ म्हणणारं माणूस तिथं उभं असतं. तुम्ही त्यातला फक्त आकडा उचलला आहे. शाळेत तालमीत गेल्याचा फायदा तुम्हाला नक्की होईल, बैठक कशी मारायची हे अंग विसरत नाही. पण नेमकी तीच आठवण दगा देते. जमतंय असं वाटतं आणि पहिल्या दिवशी शंभर होऊनही जातात. ज्यानं जन्मात बैठक मारलेली नाही तो चाळीसला पाय लटपटून खाली बसतो, म्हणून वाचतो.

आता शंभर झाल्यावर आत काय घडतं ते बघू. बैठकीत वर उठताना मांडीचा स्नायू आखडतो, तर खाली बसताना तोच स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबता शरीराचं वजन पेलतो. स्नायूच्या बारीक तंतूंची मोडतोड मुख्यतः या खाली जाण्यात होते. डोंगर चढून आल्यावर नाही, उतरून आल्यावर मांड्या भरतात, त्याचं कारण हेच. गंमत अशी की खाली जाताना दम फारसा लागत नाही, त्यामुळं ‘फार झालं’ असा इशारा त्या वेळी मिळतच नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो. सोमवारच्या बैठकांचं खरं दुखणं मंगळवार-बुधवारी कळसाला जातं, आणि तुमच्या कागदावर मंगळवारी 110 आणि बुधवारी 120 लिहिलेल्या आहेत. दुरुस्तीला आलेल्या तंतूंवर तुम्ही रोज आणखी मोठा घाव घालणार, आणि रविवारी त्याच मांड्या घेऊन जोतिबा उतरणार.

बहुतेकांना यातून चार दिवस जिना उतरणं जड जातं, एवढंच होतं. काहींना मात्र जास्त होतं. स्नायूचे तंतू एकदम मोठ्या प्रमाणात फुटले की त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात. त्यातलं मायोग्लोबिन नावाचं द्रव्य किडनीला झेपत नाही, आणि तरुण, धडधाकट माणसाची किडनी बिघडू शकते. डॉक्टर याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. पैजेवर बैठका मारणारे, नव्या जिममध्ये पहिल्याच दिवशी पायांचा व्यायाम अंगाबाहेर करणारे, मोठ्या खंडानंतर जुन्या आकड्यावर परत येणारे, अशांमध्ये तो दिसतो. अंगात पाणी कमी असेल किंवा उकाड्यात व्यायाम झाला असेल तर धोका वाढतो. तुमचं जॅकेट इथं येऊन बसतं. आणि बुधवारी पाय दुखले म्हणून तुम्ही पेनकिलर घेतलीत तर किडनीवर आणखी एक ओझं. त्यात तुमची बीपीची गोळी आहे. काही बीपीच्या गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, काहींचा थेट किडनीच्या रक्तपुरवठ्याशी संबंध असतो. तेव्हा पाण्याची तूट, पेनकिलर आणि अशी गोळी हे तिन्ही एका दिवशी एकत्र येऊ द्यायचं नाही.

साधं दुखणं आणि हे दुखणं वेगळं ओळखता येतं. साधी कणकण दुसऱ्या दिवशी सुरू होते, थोडं चाललं की सैल पडते आणि चार-पाच दिवसांत जाते. यात मात्र दुखणं केलेल्या व्यायामाच्या मानानं फारच जास्त असतं, मांड्या सुजून टणक होतात, शौचालयात बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. तो रंग दिसला की घरी पाणी पीत वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि ‘बैठका मारल्या, मग लघवी काळपट झाली’ हे एवढं वाक्य डॉक्टरांना सांगायचं. ते स्नायू किती फुटले हे दाखवणारं रक्तातलं सीपीके आणि किडनीची तपासणी करून घेतील. रंग बदलला नाही, पण सूज आणि अशक्तपणा असा असेल तरीही जायचं. प्रत्येकाची लघवी काळी होतेच असं नाही.

यावर शरीरानं स्वतःच एक उपाय ठेवला आहे, आणि तो इतका स्वस्त आहे की न वापरणं म्हणजे करंटेपणा. स्नायूला एकदा थोडासा, अगदी किरकोळ मार बसला आणि नीट भरून यायला वेळ मिळाला, तर पुढचे काही आठवडे तोच मार त्याला खूपच कमी लागतो. म्हणजे पहिल्या सोमवारी तुम्ही सोळा बैठका मारल्यात, मांड्या जरा बोलल्या आणि गुरुवारी शांत झाल्या, तर त्या सोळांनी पुढच्या महिन्याचं संरक्षण कमावलं. हे संरक्षण मिळवायला शंभरांची गरज नसते. म्हणून पहिले दोन आठवडे मुद्दाम सोपे ठेवायचे. तुम्हाला ते लाजिरवाणे वाटतील, माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक माजी तालमीवाल्याला वाटतात.

पण त्या सोमवारच्याही आधी बीपीच्या डॉक्टरांकडं एक फेरी मारा. वडिलांना पन्नाशीत अॅटॅक, स्वतःला बीपी, वजन जास्त आणि वर्षानुवर्षं बैठं काम, एवढं असताना थेट पळायला लागायचं नसतं. त्यांना तीन गोष्टी विचारा: बीपी आत्ता आटोक्यात आहे का, ईसीजी किंवा आणखी काही तपासणी हवी का, आणि चालू गोळीचा व्यायामाशी काय संबंध. कोलेस्टेरॉलची गोळीही चालू असेल तर तीही दाखवा, त्यातल्या काही गोळ्यांचा स्नायूंशी संबंध असतो. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडी एरवीइतकी वाढत नाही, त्यामुळं मनगटावरच्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा तुमच्यासाठी निरुपयोगी ठरू शकतो. त्याऐवजी बोलून बघायचं: चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही. पण छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, न झेपणारा दम किंवा चक्कर यांतलं काहीही आलं तर जागेवर बसायचं आणि 108 ला फोन. ‘बघू दहा मिनिटं’ म्हणत कट्ट्यावर बसून राहायचं नाही.

आता वेळापत्रक. पहाटे पाचची वेळ मला आवडली, ती तशीच ठेवू. बैठका आणि जोर फक्त सोमवारी आणि गुरुवारी. पहिले चार आठवडे पाठीमागं एक खुर्ची ठेवा, तिला बूड टेकेल इतकंच खाली जा आणि उठा. टाच जमिनीवरच. तालमीतली चवड्यावरची, गुडघा पार पुढं नेणारी खोल बैठक आत्ता नको. 91 किलोंचा भार वाटीवर येतो आणि गुडघ्याला त्याची अजून सवय नाही. आठ बैठका, दोन-तीन मिनिटं विसावा, पुन्हा आठ. झाल्या सोळा. आठवी संपताना ‘अजून तीन सहज मारल्या असत्या’ असं वाटायला हवं. तेवढं शिल्लक ठेवूनच थांबायचं.

जोर जमिनीवर नकोत. रंकाळ्याच्या कट्ट्यावर हात टेकवून, अंग एका रेषेत ठेवून मारा. सहा, विसावा, पुन्हा सहा. हात जितके उंच ठेवाल तितकं ओझं कमी, त्यामुळं पुढं जमेल तसे हात खाली आणता येतात आणि प्रगती मोजायला तीच पट्टी पुरते. खांदा बोलायला लागला तर हात पुन्हा वर. एक सूचना खास तुमच्यासाठी: वर येताना श्वास सोडा, रोखून धरू नका. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब तेवढ्या क्षणापुरता बराच वर जातो.

दुसऱ्या आठवड्यात आठच्या दहा करा, फेऱ्या दोनच. तिसऱ्या आठवड्यात आठ-आठच्या तीन फेऱ्या, म्हणजे एका दिवशी चोवीस. चौथ्या आठवड्यात काहीच वाढवायचं नाही, उलट दुसऱ्या आठवड्यावर परत जायचं. सगळं छान चाललेलं असताना माघारी जायला जीवावर येतं, पण दमलेलं अंग भरून निघायला अशी एक विसाव्याची पायरी लागते. पाचव्या आठवड्यात बारा-बाराच्या तीन फेऱ्या, खुर्ची बाजूला. सहाव्यात पंधराच्या तीन, म्हणजे पंचेचाळीस. वाढवण्याआधी दरवेळी एकच परीक्षा घ्या: आज सकाळी घरचा जिना उतरताना मांडी किंवा गुडघा दुखला का? थोडा आखडल्यासारखा वाटला तर मागच्याच आकड्यावर थांबा. नीट दुखला तर त्या दिवशी बैठका नाहीत, फक्त चाला. लग्नाच्या वेळी तुम्ही पंचेचाळीसवर असाल आणि तुमच्या कागदावर त्या दिवशी चारशेच्या वर असतील. ज्याला चारशे मारायच्या आहेत त्यानंही आधी इथूनच जायचं असतं.

तुमची सुट्टीबद्दलची अट मी अर्धी मान्य करते. ज्याचा एक दिवस सुटला की महिना सुटतो अशी माणसं असतात, त्यांना ‘बुधवारी झोपा’ सांगून उपयोग नसतो. म्हणून घड्याळाचा गजर सातही दिवस पाचचाच ठेवा. बदलायचं आहे ते काम. बुधवारी आणि रविवारी बूट घाला, घराबाहेर पडा आणि वीस मिनिटं रमतगमत चाला. बोलत, दूधवाल्याला हाक मारत, हवं तर अंबाबाईच्या देवळापर्यंत. दम लागता कामा नये, घाम आला नाही तरी चालेल. स्नायूच्या हिशेबात ही सुट्टीच आहे, सवयीच्या हिशेबात नाही. विश्रांतीचा दिवस म्हणजे पलंगावर पडून राहण्याचा दिवस नव्हे. ज्या भागाला मार बसला त्याला त्या दिवशी पुन्हा मार द्यायचा नाही, त्याचा अर्थ एवढाच. आणि खरी झोप मोजा. पाचला उठणारा माणूस साडेअकरापर्यंत मोबाईल बघत असेल तर कुठलंच वेळापत्रक त्याला वाचवणार नाही.

उरले मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार. पहिले दोन आठवडे या तिन्ही दिवशी तीस मिनिटं झपाझप चालणं, पळणं अजिबात नाही. पळताना पाऊल पडताना पायावर वजनाच्या दुपटी-तिपटीनं भार येतो. दम महिन्याभरात सुधारतो, पण घोट्याच्या वरचा कंडरा आणि नडगीचं हाड यांना भार झेलायला शिकायला महिने लागतात. म्हणून ‘आता दम लागत नाही, वाढवतो’ हा निकष पळण्यात फसवतो. तिसऱ्या आठवड्यापासून मंगळवारी आणि शनिवारी, दहा मिनिटं चालून अंग गरम झालं की, एक मिनिट हळू पळा आणि दोन मिनिटं चाला, असं पाच वेळा. शुक्रवारी फक्त चालणं. चौथ्या आठवड्यात इथंही दुसऱ्या आठवड्यावर परत जा. पाचव्यापासून दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. न थांबता पाच किलोमीटर पळायला तुम्हाला तीन महिने किंवा थोडे जास्त लागतील. त्यात कमीपणा काही नाही.

नडगीवर लक्ष ठेवा. पुढच्या बाजूला लांबपर्यंत पसरलेली ठणक सुरुवातीला बऱ्याच जणांना होते, पळणं कमी केलं की ओसरते. पण हाडाच्या एकाच जागी बोट ठेवल्यावर सणकन दुखत असेल, आणि एका पायावर उडी मारल्यावर नेमकं तिथंच टोचत असेल, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. पळणं त्याच दिवशी बंद करून हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. बूट बदलून बघू, पट्टी बांधून बघू, हे प्रयोग त्यावर करायचे नसतात.

जॅकेट ज्याच्याकडून मिळालं त्याला परत द्या. घाम अंगावरून वाळतो तेव्हा अंग थंड होतं, प्लास्टिकखाली तो वाळतच नाही आणि आतली उष्णता वाढत राहते. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, दोन तांबे प्यायलात की परत येतं. कुस्तीगीर हे वजनी गटात बसण्यासाठी करतात, तेही स्पर्धेपुरतं. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस काही आठवड्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना दगावले, आणि त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत अशा रबरी कपड्यांवर बंदी आली. ती सराव केलेली तरुण पोरं होती.

आणि आता ते पंधरा किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. पंधरा किलोंच्या झाल्या 1,15,500. त्याला 45 नं भागलं की रोजची तूट अडीच हजारांच्या थोडी वर येते. तुमचं वय, उंची, वजन आणि खुर्चीवरचं काम बघता दिवसभराचा तुमचा सगळा खर्चच साधारण 2,400 आहे. म्हणजे काहीही न खाता 45 दिवस राहिलात तरी हिशेब पुरा होत नाही. पाच किलोमीटर पळून साडेचारशेच्या आसपास वाढतील, बैठका-जोरांच्या आणखी थोड्या. मग तुमच्या वाट्याला दिवसाला दोन भाकऱ्यांएवढं अन्न उरतं. हे लक्ष्य कठीण नाही, ते अशक्य आहे, आणि दोन्हींत फरक आहे. कठीण लक्ष्य गाठायला माणूस जास्त मेहनत करतो, अशक्य गाठायला जॅकेट घालतो.

साडेसहा आठवड्यांत तीन ते पाच किलो धरा. म्हणजे आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो, रोजची तूट साधारण पाचशे ते आठशे कॅलरींची. त्यातली दोन-तीनशे चालण्यातून येईल, बाकी ताटातून. पहिल्या दोन आठवड्यांत काटा हललाच नाही किंवा थोडा वर गेला तर घाबरू नका, नव्यानं दुखावलेला स्नायू पाणी धरून ठेवतो. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी उठल्यावर. त्याच्या जोडीला बेंबीच्या पातळीवर टेपनं पोटाचं माप घ्या. काटा रुसला तरी टेप बोलते.

रात्रीचं सूप मला पटलेलं नाही. अंग दुरुस्त होतं ते झोपेत, आणि त्याच वेळी तुम्ही त्याला मक्याचं पीठ लावलेलं गरम पाणी देणार. एक भाकरी, वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ, दही, नाहीतर दोन अंडी, आणि भाजी भरपूर. कमी करायचं असेल तर ऑफिसातला दुपारचा वडा-भजी, दिवसाकाठचे साखर घातलेले चहा आणि रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात. रविवारच्या तांबड्या रश्श्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. मटणाचे तुकडे खा, वरची तर्री बाजूला सारा आणि बीपीमुळं मिठाकडं लक्ष ठेवा. रश्श्याची चौथी वाटी हा अन्नाचा नव्हे, आग्रहाचा प्रश्न आहे, तो घरीच सोडवावा लागेल.

जोतिबाला जायचंच असेल तर लग्न झाल्यावर जा, साधारण आठव्या आठवड्यात, तेही बैठकांच्या दुसऱ्या दिवशी नको. पहिल्या वेळी पायथ्यापासून चढत जा, दर्शन घ्या आणि खाली गाडीनं या. चढण्यानं दम तयार होतो, मांडी मोडते ती उतरण्यानं. दोन-तीन वेळा असं झालं की पुढच्या खेपेला अर्धं उतरून बघा. भर उन्हात चढू नका.

राहिला खंडाचा प्रश्न, कारण खंड पडणारच आहे. मेव्हण्याचं लग्न म्हणजे हळद, देवदर्शन, पाहुणे, पहाटेपर्यंत जागरण. एक दिवस चुकला तर तो चुकला, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या बैठका एकदम मारू नका. लागोपाठ आठवडा गेला तर त्या आधीच्या आठवड्याच्या आकड्यापासून सुरू करा. तीन आठवड्यांच्या वर गेले तर पुन्हा खुर्ची मागं ठेवा आणि सोळापासून. ताप किंवा जुलाब असताना व्यायाम नाही, आणि बरं वाटल्यावर पहिले दोन दिवस फक्त चालणं. वहीत तारीख, काय केलं आणि सकाळी जिना उतरताना कसं वाटलं, एवढं लिहून ठेवा. चौथा आठवडा संपला की ती पानं मला पाठवा, पुढचे आकडे त्यावरून ठरवू.